रोकड पुस्तकाचे एक पान आणि तोंडी परीक्षा

‘मी वाणिज्य पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझीच वही उघडली आणि रोकड पुस्तकात एका नोंदीसमोर मी लिहिलेल्या ‘सी’ या अक्षरावर बोट ठेवून विचारले, “हे का लिहिले?” “ती काँट्रा नोंद आहे,” एवढे मी सांगितले. “मग त्याच्या खालच्या नोंदीला का नाही?” या प्रश्नावर मला काहीच सुचले नाही. लेखी परीक्षेत मला चांगले गुण मिळतात. या वेळी मैत्रिणींनी दीडशे प्रश्नोत्तरांची यादी दिली आहे. ती पाठ करावी की दुसरे काही करावे? – एक विद्यार्थिनी’

यादी बाजूला ठेवा आणि तुमच्या प्रात्यक्षिक वहीतले रोकड पुस्तकाचे पान समोर घ्या. परीक्षकाच्या खुर्चीत मी बरीच वर्षे बसलो आहे, त्यामुळे तिथून काय दिसते ते सांगतो. एका विद्यार्थ्यासाठी थोडी मिनिटे असतात आणि हातात त्याचीच वही असते. अशा वेळी ‘व्याख्या सांगा’ असे विचारून फारसे काही कळत नाही, कारण व्याख्या सगळ्यांना येते. रोकड पुस्तकाच्या पानावर मात्र नोंद, खतावणी, शिल्लक काढणे आणि बँकेशी जुळवणी या चारही गोष्टी एकत्र असतात, म्हणून हात आपोआप त्या पानाकडे जातो. पहिला प्रश्न सोपा असतो आणि खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नात होते. तुमचेही नेमके तसेच झाले. यादीत पहिला प्रश्न सापडेल. दुसरा तुमच्या पानावरून निघतो, त्यामुळे तो कोणत्याही यादीत नसतो.

म्हणून एक लहान उदाहरण घेऊ. ते कागदावर रोख आणि बँक असे दोन रकाने असलेल्या रोकड पुस्तकात मांडा आणि मगच पुढे वाचा. महिन्याच्या 1 तारखेला रोख शिल्लक 8,000 रुपये आणि बँकेतील शिल्लक 30,000 रुपये आहे. 3 तारखेला 12,000 रुपयांची रोख विक्री झाली. 5 तारखेला 10,000 रुपये बँकेत भरले. 8 तारखेला ‘अ’ या धनकोला 15,000 रुपयांच्या पूर्ण फेडीपोटी 14,700 रुपयांचा धनादेश दिला. 12 तारखेला ‘ब’ या ऋणकोकडून 6,000 रुपयांचा धनादेश मिळाला आणि त्याच दिवशी तो बँकेत भरला. 16 तारखेला कार्यालयीन खर्चासाठी बँकेतून 5,000 रुपये काढले. 18 तारखेला मालकाने घरखर्चासाठी बँकेतून 4,000 रुपये काढले. 20 तारखेला ‘ब’चा धनादेश न वटता परत आला. 25 तारखेला 9,000 रुपये पगार रोख दिला.

बेरजा बरोबर असतील तर रोख रकान्याच्या नावे बाजूला 25,000 आणि जमा बाजूला 19,000 येऊन 6,000 रुपये शिल्लक राहते. बँक रकान्यात नावे बाजू 46,000 आणि जमा बाजू 29,700 असून शिल्लक 16,300 रुपये आहे. वेगळे काही आले असेल तर बहुधा 20 तारखेची नोंद राहिली असेल किंवा 12 तारखेचा धनादेश रोख रकान्यात गेला असेल.

आता या पानावर मी काय विचारीन ते पाहा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोकड पुस्तक ही रोजकीर्द की खतावणी? ‘दोन्ही’ हे उत्तर बहुतेक जण देतात. त्यावर मी विचारतो, ‘तुमच्या खतावणीत रोख खाते कोणत्या पानावर आहे?’ इथे बरेच जण खतावणीची पाने चाळू लागतात. तुम्ही चाळू नका, कारण ते खाते तिथे नसते. व्यवहार घडला की तो तारखेनुसार आणि स्पष्टीकरणासह प्रथम याच पुस्तकात लिहिला जातो, म्हणून ते सहाय्यक पुस्तक, म्हणजे रोजकिर्दीचाच एक भाग आहे; आणि त्याला नावे व जमा अशा दोन बाजू असून महिनाअखेरीस त्याची शिल्लक काढली जाते, म्हणून तेच रोख खाते आणि बँक खातेही आहे. पुरावा हवा असेल तर तेरीज पत्रक दाखवा. त्यातले 6,000 आणि 16,300 हे आकडे तुम्ही थेट रोकड पुस्तकातून उचललेले असतात. खरेदी पुस्तकाचे तसे नाही. त्याची फक्त बेरीज होते, शिल्लक निघत नाही आणि ती बेरीज खतावणीतल्या खरेदी खात्याला न्यावी लागते. हा फरक बोट ठेवून दाखवता आला, तर परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

तुमच्या ‘सी’चे मूळ याच उत्तरात आहे. रोकड पुस्तकातील प्रत्येक नोंदीची एक बाजू या पुस्तकातच पूर्ण झालेली असते आणि दुसरी बाजू खतावणीत न्यायची असते. ती कोणत्या पानावर नेली ते सांगण्यासाठी ‘खा. पा.’ हा रकाना असतो. 3 तारखेच्या विक्रीत रोख खाते इथेच नावे झाले, विक्री खाते खतावणीत जमा होते आणि त्याचा पान क्रमांक इथे येतो. 5 तारखेला मात्र बँक खाते नावे आणि रोख खाते जमा होते, आणि ही दोन्ही खाती याच पुस्तकात आहेत. व्यवहाराच्या दोन्ही बाजू एकाच पानावर, एक डावीकडच्या बँक रकान्यात आणि दुसरी उजवीकडच्या रोख रकान्यात, लिहून झाल्या. खतावणीत नेण्यासारखे काही उरलेच नाही. रकाना कोरा ठेवला तर तपासणाऱ्याला वाटेल की खतावणी करायची राहून गेली. ती राहिलेली नाही, तिची गरजच नाही, हे सांगण्यासाठी तिथे ‘सी’ लिहितात आणि तो दोन्ही बाजूंना लिहितात. ‘ती काँट्रा नोंद आहे’ हे तुमचे उत्तर चुकीचे नव्हते. त्याने अक्षराचे नाव सांगितले, कारण सांगितले नाही.

आता ‘खालच्या नोंदीला का नाही’ हा प्रश्न घेऊ. तुमच्या वहीत खाली नेमकी कोणती नोंद होती ते तुम्ही लिहिलेले नाही, पण हा प्रश्न बहुतेक वेळा आपल्या उदाहरणातील 16 आणि 18 तारखेसारख्या जोडीवर विचारला जातो. दोन्हींत ‘बँकेतून काढले’ हे शब्द आहेत आणि घाईत दोन्हींसमोर ‘सी’ पडतो. 16 तारखेचे 5,000 रुपये बँकेतून निघून धंद्याच्याच तिजोरीत आले, म्हणून ती काँट्रा नोंद. 18 तारखेचे 4,000 रुपये बँकेतून निघाले ते मालकाच्या घरी गेले. धंद्याच्या रोख रकान्यात त्यांनी पाऊलही ठेवले नाही. म्हणून फक्त जमा बाजूच्या बँक रकान्यात 4,000 लिहायचे आणि खतावणीत उचल खाते नावे करून त्याचा पान क्रमांक द्यायचा. इथे चुकून काँट्रा केली तर रोख शिल्लक कागदावर 10,000 होते आणि तिजोरीत 6,000 च सापडतात. चूक ओळखण्याची खूण तीच आहे. काँट्रा आहे की नाही हे ठरवताना वाक्यातील क्रियापद पाहू नका. पैसे कुठून निघाले आणि कुठे पोहोचले ते पाहा, आणि दोन्ही ठिकाणे याच पुस्तकात असतील तरच ‘सी’ लिहा.

याला जोडून एक बारीक प्रश्न येतो. 12 तारखेचा धनादेश त्याच दिवशी भरला म्हणून तो थेट बँक रकान्यात गेला. तो 14 तारखेला भरला असता तर? पाठ्यपुस्तकांतील रूढ पद्धत अशी की मिळालेला धनादेश भरेपर्यंत हातातील रोखीसारखा मानून 12 तारखेला रोख रकान्यात लिहायचा आणि 14 तारखेला तो बँकेत भरल्याची काँट्रा नोंद करायची. तुमच्या शिक्षकांनी दुसरी पद्धत शिकवली असेल तर तीच सांगा, मात्र वहीत सगळीकडे एकच पद्धत असू द्या. आणि 1 तारखेच्या शिल्लकेसमोर पान क्रमांक का नाही, असे कोणी विचारले तर गोंधळू नका: ती याच खात्याची मागच्या महिन्यातली शिल्लक खाली आणलेली आहे, तिची दुसरी बाजू नव्याने कुठे न्यायची नसते.

‘ब’चा धनादेश परत आल्यावर बऱ्याच वह्यांत 12 तारखेची नोंद खोडलेली दिसते. ते करू नका. त्या दिवशी धनादेश मिळाला आणि भरला, ही घटना खरीच आहे. 20 तारखेला दुसरी घटना घडली, तिची वेगळी नोंद जमा बाजूच्या बँक रकान्यात करून ‘ब’चे खाते पुन्हा नावे करायचे, म्हणजे तो पुन्हा आपला ऋणको होतो. खोडलेली नोंद दिसली की परीक्षक त्याबद्दल विचारणारच, हे धरून चाला.

यानंतरचा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो: रोख रकान्याची जमा शिल्लक येऊ शकते का? ‘नाही’ हे उत्तर बरोबर आहे, पण कारण म्हणून ‘तसा नियम आहे’ असे सांगू नका. तिजोरीत 6,000 रुपये असतील तर त्यातून 7,000 देता येणारच नाहीत. म्हणजे रोख रकान्याच्या जमा बाजूची बेरीज नावे बाजूपेक्षा जास्त आली, तर कोणती तरी चूक झालेली आहे: एखादी मिळालेली रक्कम लिहायची राहिली, एखादी दिलेली रक्कम दोनदा लिहिली, किंवा धनादेशाने दिलेली रक्कम रोख रकान्यात पडली. बँकेचे तसे नाही, कारण बँकेने अधिविकर्षाची सोय दिली असेल तर शिल्लकेपेक्षा जास्त रक्कम काढता येते. आपल्या उदाहरणात महिनाअखेरीस आणखी 20,000 रुपयांचा धनादेश दिला आणि बँकेने तो वटवला, तर बँक रकान्यात 3,700 रुपयांची जमा शिल्लक येईल, तेरीज पत्रकात ती जमा बाजूला बसेल आणि ताळेबंदात देणे म्हणून दिसेल. हे उत्तर देताना आकडा सांगून दाखवलात, तर त्यावर सहसा आणखी प्रश्न येत नाही.

आता ‘अ’ला मिळालेल्या फेडीतील 300 रुपये पाहू. आपल्याला कसर मिळाली, पण रोख किंवा बँक यांपैकी कोणाचीच हालचाल झाली नाही, म्हणून दोन रकान्यांच्या पुस्तकात ती येत नाही. मुख्य रोजकिर्दीत ‘अ’चे खाते 300 ने नावे आणि मिळालेली कसर खाते 300 ने जमा अशी नोंद होते. तुमच्या अभ्यासक्रमात कसरीचा तिसरा रकाना असेल तर 300 जमा बाजूच्या त्या रकान्यात लिहितात, आणि मग हमखास प्रश्न येतो की या रकान्याची शिल्लक का काढत नाही. कारण डावीकडची दिलेली कसर आणि उजवीकडची मिळालेली कसर ही दोन वेगळी खाती आहेत, एक खर्चाचे आणि दुसरे उत्पन्नाचे. एकाच खात्याच्या त्या दोन बाजू नाहीत. म्हणून दोन्ही रकान्यांची नुसती बेरीज होते आणि ती आपापल्या खात्याला जाते. व्यापारी कसर मात्र बीजकातच वजा होते आणि कुठल्याही पुस्तकात दिसत नाही. एवढे पुरे.

मराठीतून शिकणाऱ्यांची एक वेगळी अडचण परीक्षकांच्याही लवकर लक्षात येत नाही. ती ‘जमा’ या शब्दाची आहे. आपण रोज बोलताना पैसे आले की ‘जमा झाले’ म्हणतो. जुन्या देशी पद्धतीच्या रोकडवहीत तर आलेली रक्कम खरोखरच डाव्या, जमा बाजूला लिहीत, कारण तिथे ज्याच्याकडून रक्कम आली त्याच्या खात्याच्या नजरेने नोंद होई. द्विनोंदी पद्धतीच्या रोकड पुस्तकात नोंद रोख खात्याच्या नजरेने होते. रोख हे वास्तव खाते, जे येते ते नावे, म्हणून आलेली रक्कम नावे बाजूला जाते. तोंडी परीक्षेत ‘विक्रीचे पैसे रोख खात्यात जमा केले’ असे वाक्य सहज निघून जाते, वही बरोबर असते आणि उत्तर चुकते. म्हणून तोंडी उत्तरात ‘आले’ आणि ‘गेले’ हे शब्द व्यवहारासाठी राखून ठेवा, आणि ‘नावे’ व ‘जमा’ उच्चारताना त्यांच्या आधी खात्याचे नाव घ्या: ‘रोख खाते नावे, विक्री खाते जमा’.

याच गोंधळातून पासबुकाचा प्रश्न कठीण वाटतो. ‘तुमच्या पुस्तकात बँकेची शिल्लक नावे आहे आणि पासबुकात जमा, मग खरे कोणते?’ दोन्ही. रोकड पुस्तक तुमचे आहे, तिथे बँक तुमची ऋणको आहे. पासबुक ही बँकेच्या खतावणीतील तुमच्या खात्याची नक्कल आहे आणि तिथे तुम्ही बँकेचे धनको आहात. एकाच नात्याकडे दोन टोकांवरून पाहिले, एवढेच. त्यापुढचा प्रश्न रकमेचा असतो. समजा, आपल्या उदाहरणात महिनाअखेरीस पासबुकात 30,850 रुपये दिसतात आणि आपल्याकडे 16,300. फरक 14,550 चा. कारणे शोधल्यावर कळते की ‘अ’ने 14,700 चा धनादेश अजून वटवण्यासाठी बँकेत दिलाच नाही, आणि बँकेने 150 रुपये शुल्क कापले आहे. आता परीक्षक विचारतात, ‘यातले कोणते रोकड पुस्तकात लिहाल?’ बरेच विद्यार्थी दोन्ही लिहितात किंवा दोन्ही जुळवणी पत्रकातच ठेवतात. शुल्काचा व्यवहार घडून गेला आहे, फक्त आपल्याला तो पासबुकावरून कळला, म्हणून तो जमा बाजूच्या बँक रकान्यात लिहायचा आणि शिल्लक 16,150 करायची. धनादेशाची नोंद आपण 8 तारखेलाच केली आहे. तिथे बँक मागे आहे, आपण नाही, आणि ‘अ’ने धनादेश दिला की तो फरक आपोआप मिटेल. म्हणून तो फक्त जुळवणी पत्रकात: 16,150 अधिक 14,700 बरोबर 30,850.

आता काय करायचे ते. वहीतील रोकड पुस्तकाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि मोठ्याने तीन गोष्टी सांगा: ही ओळ कोणत्या पावतीवरून, व्हाउचरवरून किंवा धनादेशाच्या स्थळप्रतीवरून लिहिली, तिची दुसरी बाजू खतावणीत कोणत्या खात्याला आणि कोणत्या बाजूला गेली, आणि ती गेली नसेल तर का नाही. त्या पानावरून खतावणी उघडून ती नोंद प्रत्यक्ष शोधा. पान क्रमांक लिहिला आहे पण तिथे नोंदच नाही, असे वह्यांत पुष्कळदा आढळते, आणि वही मैत्रिणीची पाहून उतरवली आहे हे परीक्षकाला त्यावरून कळते. मैत्रिणीला समोर बसवा आणि तिला तुमच्या प्रत्येक उत्तरानंतर ‘मग त्याच्या खालच्या नोंदीचे काय?’ एवढेच विचारायला सांगा. यादीतील दोन-चार प्रश्न, जसे द्विनोंदी पद्धतीचे श्रेय कोणाला देतात, तेवढे वाचून ठेवायला हरकत नाही. उत्तर लुका पाचोली, साल 1494, आणि त्याने ती पद्धत शोधली नाही, व्हेनिसचे व्यापारी वापरत होते ती लिहून मांडली, ही दुरुस्तीही सोबत सांगा.

एखाद्या नोंदीचे कारण खरोखर आठवले नाही, तर गप्प बसू नका आणि अंदाजाने नियमही ठोकू नका. ‘या व्यवहारात कोणती दोन खाती आहेत ते आधी पाहते,’ असे म्हणा आणि परीक्षकांसमोरच ती दोन खाती व त्यांच्या बाजू मोठ्याने ठरवा. खालची नोंद आपल्या 18 तारखेसारखी असेल, तर त्या दिवशी तिच्यासमोर तुम्ही ‘एक खाते बँक, दुसरे उचल, उचल खाते या पुस्तकात नाही,’ एवढे जरी म्हणाला असता, तरी उत्तर पूर्ण झाले असते.